पुलाच्या अलीकडचा मुक्काम

रंगनाथ सर जिंतूरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. बायको अंबिका गेली तेव्हा त्यांनी तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी शाळेत जाऊन नववीच्या वर्गाला समोच्च रेषा शिकवल्या. रेषा जवळजवळ आल्या म्हणजे चढ उभा, लांब लांब गेल्या म्हणजे सपाटी. पोरं गप्प बसून ऐकत होती. सरांना वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती, आणि सरांना काहीच वाटत नव्हतं.

पुढे अकरा महिने असेच गेले. सकाळी उठायचं, चहा करायचा, दोन कप मांडले गेले तर एक परत ठेवायचा. भाजी खारट झाली तरी खायची, अळणी झाली तरी खायची. मुलगी प्रियांका पुण्याला नोकरीला होती. तिचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "जेवलात का बाबा?" "जेवलो." एवढ्यावर फोन संपायचा.

अंबिका माहूरच्या वाटेवर गेली होती. दर मार्गशीर्षात, दत्तजयंतीला पोचायचं अशा बेताने, गल्लीतल्या पंचवीस-तीस बाया पायी माहूरगडावर रेणुकेला आणि दत्ताला जायच्या. सहा दिवसांत औंढा, कळमनुरी, उमरखेड करत माहूर. रंगनाथ सर कधी गेले नव्हते. त्यांना शाळा होती आणि चालायची फारशी हौसही नव्हती. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी पहाटे, कळमनुरीच्या पुढे पैनगंगेच्या पुलाजवळ, धुक्यात मागून एक मालवाहू गाडी आली. ओळीच्या शेवटी चालणाऱ्या तिघींना तिने उडवलं. दोघी वाचल्या. गाडी थांबली नाही, पुढे सापडलीही नाही.

यंदा दिवाळी उलटली आणि एका रविवारी गीताबाई दारात उभी राहिली. शेजारची, अंबिकेची जिवाभावाची मैत्रीण. वाचलेल्या दोघींपैकी एक. अजून डाव्या पायाने किंचित फेंगडी चालायची. तिच्या मागे कडूबाई होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणाऱ्या.

"भाऊजी, आमी यंदा जायलाव," गीताबाई उंबऱ्यातच म्हणाली.

सरांनी खुर्ची पुढे केली. "बसा. कुठं?"

"माहूरला. आणखी कुठं जाणार? पण त्या रस्त्यानं न्हाई. तुमी शाळेत नकाशे शिकवता. आमाला एक वाट काढून द्या. गाड्या नसलेली."

"कडूबाई, तुम्हीपण?"

"माझी खेप राहिलीय रं रंगनाथा," कडूबाई म्हणाल्या. "मागल्या साली अर्ध्यातून माघारी आणलं सगळ्यांला. आईनं विचारलं तर काय सांगू?"

त्यांना वाटलं असावं, सर चिडतील, नाहीतर रडतील. सर म्हणाले, "बघतो." आणि चहा ठेवायला आत गेले.

त्याच दुपारी त्यांनी लॅपटॉप उघडला. पायी आणि सायकलने फिरणारे वापरतात तसं वाट आखायचं एक साधन त्यांना ठाऊक होतं. मागे एका प्रशिक्षणात शिक्षकांना दाखवलं होतं. नकाशावर एक टिंब टाकायचं, मग दुसरं. मधली वाट ते आपोआप जोडतं, अंतर सांगतं, आणि खाली एका पट्टीत जमिनीचा चढउतार काढून दाखवतं.

सरांनी जिंतूरवर टिंब टाकलं आणि माहूरवर टाकलं. निळी रेघ सरळ मोठ्या रस्त्यावरून धावली. ती गाडीची वाट होती. त्यांनी 'पायी' निवडलं. रेघ इकडे तिकडे जराशी हलली आणि पुन्हा बव्हंशी त्याच रस्त्यावर जाऊन बसली. यंत्राला जवळची वाट कळत होती. धुकं आणि मालवाहू गाडी कळत नव्हती.

मग त्यांनी मधे टिंबं टाकायला सुरुवात केली. मोठ्या रस्त्यापासून दोन कोस आत एक गाव दिसलं, तिथे टिंब. रेघ ओढली गेली, गावातून गेली. पुढे शेतांमधली पाणंद होती, तिथे दुसरं. कुठे रेघ हट्टाने मागे वळून डांबरी रस्त्याला लागायची, तेव्हा मधे आणखी एक टिंब टाकून तिला धरून ठेवावं लागे. कुठे पाणंद नकाशात अर्ध्यात तुटलेली असायची. मग आपोआप जोडणं बंद करून तेवढा तुकडा हाताने सरळ काढायचा. सर ते करत राहिले. काम होतं, डोळे आणि बोट हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा वाट माहूरला पोचली होती. मोठ्या रस्त्याने पावणेदोनशेच्या आतबाहेर भरणारं अंतर आतल्या वाटेने एकशे पंच्याऐंशी झालं.

संध्याकाळी प्रियांकाचा फोन आला. सरांनी जेवणाचं सांगितलं आणि मग हेही सांगितलं.

 मग ती म्हणाली, "तुम्ही परत पाठवताय त्यांना? त्याच वाटेवर? बाबा, आई तिथं गेली."

"वाट वेगळी आहे."

"वाट वेगळी म्हणजे काय? तुम्हाला काहीच होत नाही का हो?"

  "मी नाही म्हटलं तर त्या जुन्या रस्त्यानं जातील," ते म्हणाले. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर गीताबाईकडे गेले. मागच्या वर्षीचे मुक्काम त्यांनी एकेक करून विचारले. कुठे देऊळ, कुठे कुणाची सासुरवाडी, कुठे मंगल कार्यालयाचा ओटा. ते सगळे त्यांनी जुन्या रस्त्यावर मांडून पाहिले. दिवसाचा पल्ला कधी बावीस किलोमीटर, कधी छत्तीस. जिथे सोय तिथे मुक्काम, असा तो बेत होता. तिसऱ्या मुक्कामापासून चौथ्यापर्यंत सगळ्यात जास्त.

"त्या दिवशी तुम्ही निघालात किती वाजता?"

"तीनच्या ठोक्याला," गीताबाई म्हणाली. "लांबचा पल्ला होता ना. अंबिकाच उठवत फिरली सगळ्यांला. उन्हाच्या आधी पूल मागं टाकू म्हणाली."

सर मान डोलावत राहिले. म्हणजे नुसता रस्ता बदलून भागणार नव्हतं. पल्ला एवढा ठेवायला हवा होता की अंधारात निघायची गरजच पडू नये. हे त्यांना एखादं गणित सुटावं तसं कळलं, आणि गणित सुटल्यावर वाटतं तेवढंही काही वाटलं नाही.

त्यांनी कडूबाईंना धरून हिशेब केला. बाकीच्या ताशी चार किलोमीटर चालतील, कडूबाई तीन. सगळ्यांनी कडूबाईंच्या चालीने चालायचं. मार्गशीर्षातला दिवस लहान. सातला उजाडल्यावर निघायचं, दुपारी दोन तास टेकायचं, पाचच्या आत पोचायचं. म्हणजे फार तर बावीस किलोमीटर, त्याच्या वर नाही. आणि जिथे चढ आहे तिथे त्याहून कमी.

चढाचं सांगताना मात्र गोंधळ झाला. सरांनी कागदावर दिवसवार अंतर आणि चढ लिहून नेला होता. गीताबाईच्या ओसरीत बाया जमल्या होत्या. सामानाचा टेम्पो चालवणारा भुजंगही आला होता.

"सर, हे आठव्या दिवशी साडेतीनशे मीटर चढ लिवलाय," भुजंग म्हणाला. "गड तर नवव्या दिवशी हाय. आठव्याला कुठला डोंगर आला?"

"एक डोंगर नाही. उमरखेड सोडल्यावर जमीन खालीवर आहे. ओढ्यात उतरायचं, पलीकडे चढायचं. दहा वेळा पस्तीस मीटर चढलात की झाले साडेतीनशे. संध्याकाळी तुम्ही सकाळच्याच उंचीवर असाल, पण पाय तेवढे चढलेले असतील. यंत्र फक्त चढ मोजून बेरीज करतं, उतार वजा करत नाही."

"म्हंजे उगंच चढायचं," कडूबाई म्हणाल्या आणि बाया हसल्या.

"आणि हा आकडा अगदी नेमका धरू नका. दुसऱ्या एका साधनात तीच वाट टाकली तर तीनशे दाखवले. जमिनीची उंची ज्याची त्याची वेगळी मोजलेली असते. त्या दिवशी दमणार, एवढं धरून चाला. म्हणून तो पल्ला पंधराचाच ठेवलाय."

"पण भाऊजी, नऊ दिवस?" गीताबाईने कागदावरून बोट फिरवलं. "सहा दिवसांचं नऊ केलंत. कापूस फुटून पडलाय. वेचायला कोण?"

"आठ जमतील का?" कुणीतरी मागून विचारलं.

"आठ केले तर दोन दिवस पहाटे चारला निघावं लागेल," सर म्हणाले.

 एका बाईने पदर तोंडाला लावला. शेवटी कडूबाई म्हणाल्या, "नऊ." आणि तेच ठरलं. आठ जणींनी मात्र वेचणीसाठी त्याच वेळी नावं मागे घेतली.

शाळेला सुट्टी लागून आली त्या शनिवारी सर भुजंगच्या मोटारसायकलवर मागे बसून वाट पाहायला निघाले. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांना चढउताराच्या पट्टीत एक गोष्ट खटकली होती. तिसऱ्या दिवसाच्या पल्ल्यात, जिथे त्यांनी तुटलेली पाणंद हाताने जोडली होती, तिथे चढउताराची रेघ एक किलोमीटरभर अगदी आडवी होती. केसाएवढाही खालीवर नाही. मराठवाड्यातली जमीन कितीही सपाट असली तरी अशी नसते. अशी सपाटी पाण्याचीच. त्यांनी नकाशाचं उपग्रहाचं चित्र लावून पाहिलं, तर तिथे हिरवट काळा डाग होता. साठवण तलाव. त्यांनी बायांची वाट तलावातून काढली होती.

जागेवर जाऊन पाहिलं तर खरंच पाणंद उतरत उतरत थेट पाण्यात शिरत होती. तळ्यावर बगळे बसले होते. गुरं पाजायला आलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "पाळूवरून जावा. मोठा वळसा हाय, पण बायामाणसाला चांगलं हाय." ते पाळूवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, गेले, मोबाइलवर मोजत. अडीच किलोमीटर वाढले. पल्ला तेवीसवर गेला. म्हणजे मुक्काम अलीकडे ओढायला हवा, आणि तो ओढला की चौथा आणि पाचवाही सरकणार. सरांनी तिथेच पाळूवर बसून मोबाइलवर टिंबं सरकवली. भुजंग तंबाखू मळत थांबला.

"सर, पाचवा कुठं आला आता?"

"पुलाच्या अलीकडं. तीन किलोमीटर."

भुजंगने तंबाखू तोंडात टाकली नाही. "पूल टाळता येत न्हाई?"

"नाही. नदीला वीस-वीस किलोमीटर दुसरा पूल नाही. बंधाऱ्यावरून जाता येतं, पण पाणी किती असेल कुणी सांगावं." ते बोटाने मोजत होते. "सातला निघाल्या तर आठ-सव्वाआठला पुलावर. धुकं असलं तर नऊपर्यंत थांबायचं. तीनच किलोमीटर आहे, थांबलं तरी दिवस मोडत नाही. मोठ्या रस्त्यावर चालणं सगळं मिळून एक किलोमीटर. पुढं तू टेम्पो ठेवायचा, मागं एक गाडी, दिवे लावून. बाया उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून. मागून काही येणार नाही."

शेवटचं वाक्य ते जरा थांबून बोलले एवढंच.

पुलाअलीकडचं ते गाव लहान होतं. देऊळ होतं पण सभामंडप नव्हता. शाळेच्या दोन खोल्या मिळतील का विचारायला सर सरपंचाच्या घरी गेले. सरपंच शेतात होता. त्याची भावजय पंचफुला दारात धान्य पाखडत होती. कुठून आलात, कशाला आलात, तिने विचारलं. भुजंगने सांगितलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. "मागल्या साली पुलापाशी झालं, त्यांच्यातले का तुमी?"

"हो," सर म्हणाले.

"आमी पळत गेलो होतो सगळे. एकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गोरी होती. हिरव्या बांगड्या." ती सरांकडे बघत होती. "तुमची कोण?"

"मालकीण."

ती खाली बसली. सर उभेच होते. आपण काहीतरी विचारायला हवं, हे त्यांना कळत होतं. ती काही बोलली का, पाणी मागितलं का, दुखत होतं का. ही माणसाने विचारायची गोष्ट होती. पण तोंडातून निघालं ते असं, "शाळेच्या खोल्यांत वीस जणी झोपू शकतील का? आणि संडास आहे का?"

पंचफुलाने सूप बाजूला ठेवलं. मग तिने पदराने डोळे पुसले. "हाय. नळबी हाय. शाळेत कशाला, आमचा गुरांचा वाडगा रिकामाच हाय, त्यात तट्ट्या लावून घेऊ. आन जेवायचं काय आणू नका. भाकरी मी करीन."

"वीस जणींच्या?"

"वीस जणींच्या."

पुढची वाट पाहायला निघाले तेव्हा मोटारसायकल पुलावरून गेली. भुजंगने वेग कमी केला. पलीकडच्या कठड्याला रंगाचा एक ताजा पट्टा होता, खाली नदीत बाया कपडे धूत होत्या. सर बघत होते. डोळ्यांसमोरून शाळेच्या सहलीत जावं तसा पूल निघून गेला.

माहूरला जायचं म्हणून सरांनी रजा टाकली तेव्हा मुख्याध्यापकांनी लगेच सही केली. आपण का जातोय हे सरांनाही नीट सांगता आलं नसतं. मोबाइलवर वाट उतरवून घेतली होती, रेंज नसली तरी चालेल अशी. ती बघायला कुणीतरी हवं, आणि गीताबाई म्हणाली होती, "तुमी चला भाऊजी, तो मोबाइल आमच्यानं हाकवत न्हाई." एवढं कारण पुरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वाटेची आणि मोबाइल कुठे पोचला ते दाखवणारी लिंक प्रियांकाला पाठवली. तिने पाहिली, काही लिहिलं नाही.

वाट बहुतेक चांगली निघाली. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने पाणंदीत काटे टाकून ठेवले होते, तिथे भांडण झालं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी पाळूवर बायांनी डबे सोडले. कडूबाई सगळ्यांच्या पुढे चालायच्या. त्यांच्या मागे चालायचं असा नियमच केला होता. त्या मधेच थांबून विचारायच्या, "किती राहिलं रं?" आणि सर मोबाइल बघून सांगायचे. पायाला फोड आले. सरांना ते दिसले, दुखणं मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला असल्यासारखं होतं.

पाचव्या रात्री पंचफुलाच्या वाडग्यात सगळ्या झोपल्या. सकाळी धुकं होतं. सातला निघायचं ते निघाले नाहीत. आठला समोरचं लिंबाचं झाड दिसू लागलं, साडेआठला त्यापलीकडचा विजेचा खांब. सर अंगणात उभे राहून खांबाकडे बघत होते. बाया सामान बांधून भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी घाई केली नाही. नऊला खांबापलीकडचा रस्ता दिसला आणि ते निघाले.

पुलावर ऊन होतं. टेम्पो पुढे, गाडी मागे, दिवे लावलेले. समोरून दोन ट्रक आले, दोघांनी वेग कमी केला. पलीकडच्या टोकाला गीताबाई थांबली. जागा तिला ठाऊक होती. तिने कठड्याच्या खाली हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मग तिथेच फतकल मारून बसली आणि मोठ्याने रडली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. सर दोन पावलांवर उभे होते. गीताबाईने त्यांच्याकडे हात केला, त्यांनी तो धरला. हात गरम होता. ते मोबाइल बघून म्हणाले, "मोठ्या रस्त्यावरचं सहाशे मीटर राहिलंय. इथं फार थांबू नका."

कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. कडूबाई म्हणाल्या, "चला गं, मास्तर म्हणतोय तर."

त्या दुपारी एका विहिरीवर टेकले असताना पंचफुलाने बांधून दिलेल्या भाकऱ्या सोडल्या. ज्वारीच्या भाकरीवर ठेचा आणि कच्चा कांदा. सरांनी एक खाल्ली. मग दुसरी घेतली. तिसरीला हात घातला तेव्हा ठेचा तिखट आहे हे त्यांच्या लक्षात आलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं. ते खात राहिले. भुजंगने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं.

नवव्या दिवशी सगळे माहूरला पोचले. गडाच्या पायऱ्यांवर कडूबाईंना दोघींनी धरलं. सरांनी रेणुकेपुढे हात जोडले, काय मागावं सुचलं नाही, म्हणून काही मागितलं नाही. पायऱ्या उतरताना प्रियांकाचा फोन आला. दिवसभर ती नकाशावर त्यांच्यामागे होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

"पोचले सगळे?"

"सगळे."

"तुम्ही?"

"मीपण," सर म्हणाले. मग जरा वेळाने, "पाय फार दुखताहेत."

"दुखू द्या," ती म्हणाली, आणि बराच वेळ फोन तसाच धरून राहिली.

संक्रांत झाल्यावर सेलूहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्यांच्याकडचीही मंडळी चैत्रात माहूरला पायी निघणार होती. बजरंग नाव सांगितलं त्याने. भुजंगकडून नंबर मिळाला होता, वाट पाठवाल का म्हणून विचारत होता.

"पाठवतो," सर म्हणाले. "पण मुक्काम तसेच घेऊ नका. तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं ते बघा आणि त्याच्या चालीनं पल्ले लावा. चैत्रात ऊन असेल, दुपार सगळी टेकावी लागेल."

"बरं. सर, एक विचारू? पाचवा मुक्काम त्या खेड्यात कशाला ठेवलाय? पूल ओलांडला की पुढं मोठं गाव हाय, सोय चांगली हाय. तीनच किलोमीटरसाठी..."

"पूल उजेडात ओलांडायचा म्हणून."

"बरं, पण उन्हाळ्यात पहाटे..."

"माझी बायको तिथं गेली," रंगनाथ सर म्हणाले. वर्षभरात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं.  "अंधारात चालत होत्या. मागून गाडी आली. अंबिका नाव तिचं. तो मुक्काम तेवढा हलवू नका. तिथं पंचफुलाबाई म्हणून आहेत, त्यांना माझं नाव सांगा."

फोन ठेवून ते बसून राहिले. मग त्यांनी सेलूच्या मंडळींसाठी वाट पाठवून दिली आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठले.